मागितले की द्यायचे

मुलुंडच्या एका छोट्या कंत्राटदाराला सरकारी खात्याचं काम मिळालं. परफॉर्मन्स गॅरंटी द्यायची होती. बँक ती खात्याला देणार आणि भागीदार बँकेला काउंटर गॅरंटी लिहून देणार. सही करण्याआधी दोघा भागीदारांना मजकूर मराठीत हवा होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. आधी कुणीतरी केलेलं भाषांतरही त्यांनी दिलं.

त्यात होतं, ‘कंत्राटदाराने काम पूर्ण केले नाही, तर खात्याने मागितल्यावर बँक रक्कम देईल.’ वाचायला सुटसुटीत. पण मूळ इंग्रजीत तसं नव्हतं. मी लिहिलं, ‘खात्याने लेखी मागणी करताच, कंत्राटदाराशी वाद चालू असला तरी, बँक हरकत न घेता रक्कम देईल. कसूर झाली की नाही याबाबत खात्याचे म्हणणे बँकेवर बंधनकारक राहील.’

मोठे भागीदार म्हणाले, “म्हणजे काम चोख केलं तरी पैसे जाऊ शकतात?”

“बँकेतून जाऊ शकतात. भांडण मग तुमचं आणि खात्याचं. उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान दिसलं तरच कोर्ट सहसा थांबवतं.”

त्यांचा चेहरा उतरला. मलाही बरं वाटलं नाही, पण गोड करून लिहिलं असतं तर सही फसवून घेतल्यासारखं झालं असतं.

एक ‘तर’ किती फरक करतो, याचा निकाल आपल्या शेजारचाच आहे. विक्रोळीच्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या बिहार सरकारविरुद्धच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. गॅरंटीत ‘बिनशर्त’ आणि ‘पहिल्या मागणीला’ दोन्ही होतं. पण पुढे ‘करारातल्या त्या कलमाची पूर्तता झाली नसल्यास’ असंही होतं. न्यायालयाने ती सशर्त ठरवली. शिवाय गॅरंटी मुख्य अभियंत्याच्या नावे होती आणि मागणी केली कार्यकारी अभियंत्याने. तीही चालली नाही. तेव्हापासून मी पदनाम कधी ‘संबंधित अधिकारी’ असं मोघम करत नाही.

तारखांचा घोळ वेगळाच. जुन्या भाषांतरात एकच तारीख होती. मुळात दोन होत्या: गॅरंटीची मुदत, आणि त्यानंतर वर्षभराची क्लेमची मुदत. मागणी या दुसऱ्या तारखेपर्यंत बँकेत ‘पोहोचली’ पाहिजे, ‘पाठवली’ असून भागत नाही. ते वर्ष बँका कराराच्या कायद्यातल्या कलम २८ च्या अपवादाचा आधार घेऊन घालतात. पण तो अपवाद कोर्टात हक्क बजावण्याच्या मुदतीबद्दल आहे; क्लेमची मुदत वर्षभर ठेवायलाच हवी, असं त्यात नाही. भागीदारांना ही दुसरी तारीख महत्त्वाची, कारण मार्जिनची मुदत ठेव तोवर अडकते. मुलीच्या ॲडमिशनसाठी त्यांनी तीच ठेव धरली होती. मग घरी दुसरी सोय केली.

प्रत्येक पानावर मी लिहिलं, ‘केवळ समजण्यासाठी, इंग्रजी मजकूर ग्राह्य.’ सह्या इंग्रजी प्रतीवरच झाल्या. पुढे त्यांना एलसीचं काम आलं, तेव्हा त्यांनी आधीच विचारलं, “बँक माल बघणार की कागद?” कागदच, म्हटलं.