पंचवीस मिनिटांचा उंबरठा

चारशे मीटरच्या धावपट्टीला साडेबारा फेऱ्या मारल्या की पाच किलोमीटर पूर्ण होतात. हे अंतर जो २५ मिनिटांत कापतो, त्याची प्रत्येक फेरी बरोबर २ मिनिटांची असते. तेच अंतर २४ मिनिटांत कापायचे असेल, तर फेरी सुमारे १ मिनिट ५५ सेकंदांत व्हावी लागते. फरक फेरीमागे अवघा पाच सेकंदांचा. तरीही हे पाच सेकंद मिळवण्यासाठी वर्ष वर्ष झगडणारी आणि शेवटी "आता वय झाले" असे म्हणून प्रयत्न सोडणारी माणसे मला वर्ध्यात नेहमी भेटतात. वाचकहो, आपल्या घरात असा एखादा मुलगा वा सून असेल, किंवा पन्नाशीनंतर आपण स्वतःच धावू लागला असाल, तर हा उंबरठा कशाने अडतो हे समजून घेण्यासारखे आहे. वयाचा वाटा त्यात असतो, पण बहुधा तो पहिला नसतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. चव्वेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. घरी सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या. रात्री दोनदा उठून त्यांना कुशीवर वळवावे लागे. पहाटे यजमान घरात असताना मिळणारा पाऊण तास एवढाच या बाईंचा स्वतःचा वेळ. त्या वेळात त्या आठवड्यातून पाच दिवस पाच किलोमीटर धावत. चौदा महिने त्यांची वेळ २५ मिनिटांच्या आसपास थांबली होती. "डॉक्टर, माझ्यात काही कमी आहे का, ते तरी तपासा," असे त्यांचे म्हणणे होते.

ते तपासणे योग्यच होते. रक्त कमी असेल, तर प्राणवायू वाहून नेणारी गाडीच अपुरी पडते आणि मग कोणतीही सरावपद्धती उपयोगी पडत नाही. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत आणि शाकाहारी घरांत हे विशेष पाहावे लागते. केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. ते ठीक असतानाही शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन खालावलेले असू शकते. त्याबरोबर मी थायरॉइड आणि बी-१२ पाहिले, रक्तदाब मोजला आणि हृदयाचा आलेख काढला. सगळे यथास्थित निघाले. तेव्हा मी त्यांची वही मागितली.

वहीत उत्तर होते. रोजची धाव २६ ते २७ मिनिटांची, म्हणजे किलोमीटरला सव्वापाच ते साडेपाच मिनिटे. एकही दिवस त्याहून बराच संथ नाही, एकही दिवस वेगवान नाही. पाचही दिवस एकच अंतर आणि एकच दमछाक. या वेगाने धावताना माणूस पुरेसा दमतो, म्हणून आपण कष्ट केले असे त्याला वाटते. परंतु शरीराच्या दृष्टीने हा मधला वेग अडचणीचा असतो. तो इतका जड असतो की दुसऱ्या दिवशी पाय ताजे राहत नाहीत आणि लांब अंतर झेपत नाही. आणि इतका हलकाही असतो की हृदयाला त्याच्या सामर्थ्याच्या टोकापर्यंत जावे लागत नाही. नवशिक्याला आरंभी याच वेगाने लाभ होतो. काही महिन्यांत शरीर त्याला सरावते आणि मग बदलण्याचे कारणच उरत नाही.

वेग वाढण्यासाठी शरीरात दोन वेगळी कामे व्हावी लागतात. पहिले काम स्नायूंत होते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढतात. हे संथ आणि दीर्घ धावण्याने साधते. दुसरे काम हृदयाचे. एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती वाढते, ती थोडा वेळ वेगाने धावण्याने. म्हणून आठवड्यातील बहुतेक धाव आजच्यापेक्षा संथ हवी आणि थोडी धाव आजच्यापेक्षा वेगवान. मधल्या वेगाला तूर्त रजा द्यायची.

हे ऐकताच बाईंनी विचारले, "हळू धावले तर मी आणखीच हळू होणार नाही का?" प्रश्न स्वाभाविक आहे. मी म्हटले, "ताई, दहा आठवडे करून पाहा. वही तुमच्याजवळच आहे."

त्यांचे पाच दिवस आम्ही चारवर आणले. दोन दिवस ४५ मिनिटे संथ धाव, किलोमीटरला साधारण साडेसहा मिनिटे. यासाठी टेकडीचा चढ नको, सपाट रस्ता हवा; चढावर संथ धावणेही नकळत जड होते. वेग बरोबर आहे हे ओळखण्यास घड्याळाची गरज नाही. धावता धावता पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला, तर वेग कमी करावा. रविवारी यजमानांना सुटी, म्हणून त्या दिवशी याच संथ वेगाने आरंभी ५५ मिनिटे आणि हळूहळू वाढवत ७० मिनिटे. चौथा दिवस वेगाचा. अशा रीतीने एक दिवस कमी होऊनही आठवड्याचे अंतर २५ किलोमीटरांवरून सहाव्या आठवड्यापर्यंत ३१ किलोमीटरांवर गेले.

वेगाच्या दिवसाची घाई केली नाही. पहिले तीन आठवडे त्या दिवशीही संथच धाव, फक्त शेवटी वीस वीस सेकंदांच्या सहा चपळ धावा आणि प्रत्येक धावेनंतर भरपूर चालणे. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांना वेगाची ओळख व्हावी, एवढाच त्यामागे हेतू. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात दहा मिनिटे संथ धावून अंग तापवल्यानंतर ८०० मीटर पाच वेळा, प्रत्येक वेळी चार मिनिटांत, मध्ये दोन मिनिटे सावकाश जॉगिंग. सातव्या ते नवव्या आठवड्यात १००० मीटर पाच वेळा, प्रत्येक वेळी ४ मिनिटे ५० सेकंदांत, मध्ये अडीच मिनिटे तसेच जॉगिंग. इथे एक कसोटी महत्त्वाची आहे. पाचवी धाव पहिलीइतक्याच वेळात व्हायला हवी. पहिली ४ मिनिटे ३५ सेकंदांत आणि शेवटची ५ मिनिटे १० सेकंदांत होत असेल, तर तो सराव झाला नाही. ती स्वतःशीच लावलेली शर्यत झाली.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी मी एक नियम जोडला, आणि मला वाटते, निकालात त्याचा मोठा वाटा होता. वेगाचा दिवस वारावर ठरवायचा नाही, रात्रीवर ठरवायचा. सासूबाईंची रात्र अस्वस्थ गेली आणि झोप तुटली, तर त्या सकाळी संथच धावायचे. चांगली रात्र मिळेल त्या सकाळी वेग. मात्र लागोपाठ दोन दिवस वेग नाही. तुटलेल्या झोपेनंतर वेगाने धावल्यास शरीराची झीज होते आणि ती भरून काढण्यास वेळ मिळत नाही. अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजावी. नेहमीपेक्षा ती आठ-दहा ठोक्यांनी अधिक असेल आणि दोन-तीन दिवस तशीच राहिली, तर त्या आठवड्यात वेग वगळावा. अंगात बारीक ताप असणे हेही तिचे कारण असू शकते, तेव्हा तेही पाहावे.

धोक्याच्या खुणाही सांगतो. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला बारीक तडा जाण्याची ती सुरुवात असू शकते. धावताना छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही जाणवल्यास तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी तपासणी करावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी, वेगाचा सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर नाडी मुळातच दबलेली असते. अशांनी नाडीवर विसंबू नये, बोलण्याच्या कसोटीवर विसंबावे.

आता ऋतूविषयी. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पहाटही उकाड्याचीच असते. त्या वेळी शरीर थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते आणि त्याच वेगाला नाडी अधिक पडते. त्यामुळे जानेवारीतील २५ मिनिटे आणि मे महिन्यातील २५ मिनिटे एकसारखी नव्हेत. मे महिन्यातील अधिक मोलाची. अडकलो असे म्हणण्यापूर्वी या थंडीची तुलना मागच्या थंडीशी करावी. बाईंची तशी तुलना करूनही वेळ हललेली नव्हती, म्हणून आम्ही नोव्हेंबरात आरंभ करून जानेवारीत परीक्षा ठेवली.

परीक्षेत आणखी एक दोष सुधारायचा होता. पूर्वीच्या २५ मिनिटे ५ सेकंदांच्या धावेत त्यांचा पहिला किलोमीटर ४ मिनिटे ४० सेकंदांचा होता आणि शेवटचा ५ मिनिटे १३ सेकंदांचा. उत्साहात मिळवलेले सेकंद अखेरीस व्याजासह परत जात होते. या वेळी पहिला किलोमीटर ४ मिनिटे ५२ सेकंदांत, पुढचे तीनही जवळपास तसेच आणि शेवटचा ४ मिनिटे ४६ सेकंदांत. एकूण २४ मिनिटे १२ सेकंद.

चौदा महिन्यांत न सुटलेले त्रेपन्न सेकंद दहा आठवड्यांत सुटले. ही गती पुढेही टिकेल असे मात्र कोणी समजू नये. जसजसे आपण आपल्या मर्यादेजवळ जातो, तसतसा लाभ लहान होत जातो. पाच हजार मीटरमध्ये बहादुर प्रसाद यांनी १९९२ मध्ये १३ मिनिटे २९.७० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो तीस वर्षे टिकला. मे २०२२ मध्ये आपल्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळे यांनी तो मोडला, तो १३ मिनिटे २५.६५ सेकंदांनी. तीस वर्षांनी निघालेला फरक चार सेकंदांचा होता. या बाईंना यापुढे वर्षाला दहा-पंधरा सेकंद मिळाले तरी ते उत्तम म्हणावे.

जे धावत नाहीत, केवळ चालतात, अशा ज्येष्ठ वाचकांनाही हे तत्त्व लागू आहे. जपानमधील मात्सुमोतो येथे संशोधकांनी मध्यमवयीन व वृद्ध माणसांना तीन मिनिटे भरभर आणि तीन मिनिटे सावकाश असे आलटून पालटून चालवले. आठवड्यातून किमान चार दिवस, दिवसाला पाच किंवा अधिक आवर्तने. पाच महिन्यांनी या माणसांच्या मांड्यांची शक्ती आणि दमसास, दोन्ही एकाच मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले होते आणि रक्तदाबही अधिक उतरला होता. आपण रोज त्याच वाटेने त्याच गतीने फिरत असाल आणि गुडघे व हृदय यांना आपल्या डॉक्टरांची संमती असेल, तर आरंभी तीन मिनिटांऐवजी एकच मिनिट भरभर चालून पाहावे. त्या मिनिटात चार शब्द बोलता यावेत, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. नंतरचे मिनिट मात्र खरोखर सावकाश असावे.