तक्रार लिहावी, पण विशेषणे गाळून

आपल्या मोहल्ल्यात ज्याला मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येते, त्याच्या घरी कागद येतातच. शाळा सुटली की कोणी रेशनकार्डाचा अर्ज घेऊन येते, कोणी वीजबिलाचा. या सगळ्यांत अवघड कागद म्हणजे तक्रार. अर्जात माणूस काहीतरी मागत असतो, तक्रारीत तो दुसऱ्या माणसाविषयी बोलत असतो. तोही रागाने, आणि बहुतेक वेळा रास्त रागाने.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या खाला आपल्या मुलाला घेऊन आल्या. दोघांनी उमराहसाठी एका एजंटला पैसे दिले होते. जाणे झाले नाही, पैसेही परत आले नाहीत. मुलाने पोलीस ठाण्यात द्यायला स्वतःच तक्रार लिहून आणली होती. तिचा मजकूर साधारण असा होता : 'हा माणूस ठग आणि लबाड आहे. हाजींचे पैसे खाणे हाच त्याचा धंदा आहे. त्याने अनेकांना फसवले आहे. दाढी ठेवतो, पण नमाज पढत नाही. त्याने आम्हाला धोका दिला, शिवीगाळ केली आणि धमकी दिली.' हाच मजकूर एजंटच्या फोटोसह मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचा त्याचा विचार होता.

मी त्याला थांबवले, कारण असे केलेले एक कुटुंब माझ्या माहितीत होते. त्यांनी याच एजंटचा फोटो 'हाजींचा चोर' असे लिहून गटात टाकला होता. पैसे मिळाले नाहीत, वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस मात्र आली. पैशांची गोष्ट मागे पडली आणि 'चोर' हा शब्द सिद्ध कसा करायचा, हीच चिंता घरात पुढे आली.

कायद्याचे म्हणणे समजायला कठीण नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. आता समाजसेवेची शिक्षाही होऊ शकते. उपरोधाने लिहिले तरी सुटका नाही. 'हाजीसाहेबांची खिदमत तर बघा' असे खोचकपणे लिहिणेही त्यात बसू शकते. शिवाय फौजदारी कायद्यात 'हे खरे आहे' एवढे म्हणून भागत नाही. ते लोकांसमोर आणणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते.

मात्र याच कलमाला अपवाद आहेत. आठवा अपवाद आपल्या कामाचा आहे : ज्याला त्या बाबतीत कायदेशीर अधिकार आहे, अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप ही बदनामी नव्हे. पोलीस ठाणे किंवा ग्राहक आयोग या अधिकारात येतात, मोहल्ल्याचा गट येत नाही. आणि कायद्यातली सद्भावना म्हणजे नुसती चांगली नियत नव्हे. पुरेशी काळजी आणि दक्षता घेऊन केलेली गोष्टच सद्भावनेची मानली जाते. म्हणजे लिहिण्याआधी तपासले का, हा प्रश्न तिथे असतोच.

आपल्या दीनमध्ये ही विभागणी ओळखीचीच आहे. इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये पाठीमागे बोलणे कोणत्या प्रसंगी जायज ठरते ते सांगताना सहा प्रसंग मोजले आहेत. त्यांतला पहिलाच प्रसंग जुलूम झालेल्याने न्याय देऊ शकणाऱ्याकडे तक्रार करण्याचा आहे. तीच गोष्ट चार घरांत सांगितली तर गीबत होते, आणि तिच्यात न घडलेले मिसळले तर बोहतान. बातमीची आधी खात्री करून घेण्याची सूरह हुजुरातची ताकीदही आपण ऐकत आलो आहोत.

मग आम्ही तो कागद घेऊन एकेक वाक्य तपासायला बसलो. प्रत्येक वाक्याला मी तेच चार प्रश्न विचारले : कधी, कुठे, कोणी पाहिले किंवा ऐकले, आणि कागद कोणता आहे? ज्या वाक्याला यातले काहीच सांगता येत नव्हते, ते वाक्य घटना नव्हते, शिक्का होता.

'ठग' आणि 'लबाड' या शब्दांना एकही उत्तर नव्हते. पण त्यांच्यामागे काय आहे, हे विचारल्यावर मुलगा बोलू लागला. ४ सप्टेंबरला १,००,००० रुपये ऑनलाइन पाठवले होते. २२ सप्टेंबरला ८०,००० रुपये रोख दिले, त्याची पावती होती. प्रवासाची तारीख २० नोव्हेंबर ठरली होती. एजंटने तिकिटाचा क्रमांकही दिला होता. 'मग त्या क्रमांकाचे काय झाले, ते विमान कंपनीला विचारलेस का?' त्याने विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले आणि कंपनीचे उत्तर ईमेलने मागवून घेतले. ते तिकीट १४ नोव्हेंबरलाच रद्द झाले होते.

आता त्याचा मोबाइल पाहिला. १६ नोव्हेंबरला एजंटचा मेसेज होता : 'सब तैयार है, सामान बांध लो.' आम्ही तक्रारीत ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली. तिकीट १४ तारखेला रद्द झाल्याचे विमान कंपनीने लेखी कळवले आहे. १६ तारखेला एजंटकडून हा मेसेज आला. पुढे काही लिहिले नाही. अधिकाऱ्याने ही दोन वाक्ये वाचली की मनात कोणता शब्द येईल, तो त्याचा त्याला येऊ द्यावा. आपण लिहिलेला 'ठग' आपल्याला सिद्ध करावा लागतो. त्या दोन तारखा सिद्ध करायला मेसेज आणि ईमेल पुरेसे असतात.

'पैसे खाल्ले' याऐवजी लिहिले : '१,८०,००० रुपयांपैकी १,६५,००० रुपये आजपर्यंत परत मिळालेले नाहीत.' हा आकडा लिहिताना मुलगा अडला. एजंटने ९ डिसेंबरला १५,००० रुपये परत केले होते, ते सांगायची त्याची इच्छा नव्हती. पासपोर्टही आपण ठरलेल्या दिवसानंतर आठ दिवसांनी दिले, हेही त्याला लपवायचे होते. मी दोन्ही गोष्टी लिहायला लावल्या. आपल्याला अडचणीची वाटणारी गोष्ट समोरचा नक्की सांगणार. ती त्याने सांगितली तर आपण लपवल्यासारखे होते. आपणच लिहिली, तर काळजीपूर्वक लिहिल्याचा तो पुरावा ठरतो.

'शिवीगाळ केली आणि धमकी दिली' हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळ घेऊन गेले. नेमके काय म्हणाला, असे मी खालांना विचारले. २ डिसेंबरला दुपारी त्याच्या कार्यालयात तो म्हणाला होता, 'जो करना है कर लो, पैसे अभी नहीं मिलते.' यात शिवी नव्हती. धमकी होती का, याबद्दलही दोन मते होऊ शकतात. म्हणून ते शब्द बोलले तसेच, त्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहिले आणि तिथे कोण हजर होते ते नोंदवले. शब्द नीट आठवत नसतील, तर अवतरणचिन्ह घालू नये. 'अशा आशयाचे बोलले' असे लिहावे.

बोललेले भाषांतर करून लिहिण्यात आपल्या घरांत आणखी एक खोच आहे. खाला सांगत होत्या, 'उससे तकरार हुई.' उर्दूत तकरार म्हणजे वादावादी, मराठीत तक्रार म्हणजे फिर्याद. एजंट 'राजीनामा' करू म्हणत होता, म्हणजे आपसात समझोता. मराठी वाचणारा अधिकारी राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे समजेल. म्हणून बोललेले शब्द मूळ भाषेत ठेवावेत आणि लगेच खाली साध्या मराठीत अर्थ द्यावा.

'अनेकांना फसवले' हे वाक्य काढून टाकले. त्या अनेकांपैकी एकाचाही व्यवहार मुलाने स्वतः पाहिला नव्हता. 'लोक म्हणतात' असे लिहून जबाबदारी टळत नाही. दुसऱ्याचा आरोप आपण पुन्हा लिहिला की तो आपला होतो. ज्यांचे पैसे अडकले असतील, त्यांनी आपापल्या तारखा आणि पावत्यांसह स्वतंत्र तक्रार द्यावी. नमाजचे वाक्यही काढले. त्या माणसाची नमाज हा त्याचा आणि अल्लाहचा मामला आहे. पैशांच्या तक्रारीत ते आले की वाचणाऱ्याला एवढेच दिसते की लिहिणाऱ्याला त्याचा अपमान करायचा आहे.

आणि 'धोका दिला'? तक्रारीत मत अजिबात येऊ नये, असे नाही. फसवणूक हा शब्दच नसेल, तर हा केवळ देण्याघेण्याचा वाद म्हणून बाजूला ठेवला जाऊ शकतो. पण त्याची जागा शेवटी, सगळ्या घटना सांगून झाल्यावर, आणि मत म्हणूनच : 'वरील घटनांवरून आमची फसवणूक झाली असे आम्हाला वाटते. कृपया चौकशी करावी.' आरोप ज्यावर उभा आहे ते वर मांडलेले असते आणि निर्णय अधिकाऱ्याकडे राहतो.

तक्रार दीड पानाची झाली. खाली जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी दिली, सगळ्याच्या छायाप्रती दिल्या आणि मूळ कागद घरी ठेवले. प्रत फक्त पोलीस ठाण्याला दिली आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. जमातीच्या अध्यक्षांना, नातेवाइकांना किंवा गटात कुठेही ती पाठवली नाही. खालांना हेच जड गेले. लोकांना सावध करायला नको का, असे त्या विचारत होत्या. कोणी स्वतःहून विचारायला आले, तर आपल्या बाबतीत जे घडले तेवढेच तारखांसह सांगा, असे मी म्हटले.

इतके करूनही समोरचा नोटीस पाठवणारच नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. अपवादाचा आधार घ्यायचा तर तो लागू होतो हे आपल्यालाच दाखवावे लागते, आणि नोटीस आलीच तर वकिलाला विचारूनच उत्तर द्यावे. फरक इतकाच की त्या वेळी आपल्या हातात पावती, मेसेज आणि ईमेल असतात.

खालांना कोणतीही नोटीस आली नाही. पोलिसांनी एजंटला बोलावल्यावर त्याने एक लाख रुपये परत केले. उरलेल्या ६५,००० रुपयांसाठी मुलाने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तिथे व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्या तक्रारीसाठी त्याला नवे काही लिहावे लागले नाही. तेच दीड पान त्याने पुढे नेले. फक्त शेवटी पोलीस तक्रारीची तारीख आणि परत मिळालेल्या एक लाखाची नोंद वाढवली.