खडा नको, म्हणून दूध हवं!

मुतखडा टाळायचा असेल तर कॅल्शियम खा! हे वाक्य आधी कानावर आलं असतं तर मी बोलणाऱ्याला वेड्यातच काढलं असतं. खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियम बंद; याहून सरळ हिशेब कोणता? उज्जैनच्या माधव नगरात, ज्याला सगळे फ्रीगंज म्हणतात तिथे राहणारी माझी मावशी याच हिशेबावर जगत होती. खडा पडल्यापासून तिने दूध आणि दही सोडलं होतं. हाडं ठिसूळ झाल्याचं कळल्यावर मात्र ती कॅल्शियमच्या दोन गोळ्या एकदम, झोपताना, रिकाम्या पोटी घेऊ लागली. आणि सकाळी उठल्याबरोबर अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल.

मी कॅल्शियमचं पाकीट हातात घेतलं आणि बारीक अक्षरं वाचू लागलो. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, त्यातलं एलिमेंटल कॅल्शियम ५००. म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष कॅल्शियम फक्त ४० टक्के, बाकीचं कार्बोनेट. सायट्रेटमध्ये ते जेमतेम २१ टक्के, म्हणून तितकंच कॅल्शियम हवं तर गोळ्या जास्त लागतात आणि पैसेही. तरीही लोक सायट्रेट का घेतात? कारण कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि सायट्रेट आम्लाशिवायही शोषलं जातं! १९८५ साली रॉबर्ट रेकर यांनी पोटात आम्लच तयार न होणाऱ्या माणसांवर हे तपासलं. उपाशीपोटी कार्बोनेट त्यांच्या अंगी जवळपास लागलंच नाही, सायट्रेट मात्र छान शोषलं गेलं. आणि गंमत म्हणजे तेच कार्बोनेट जेवणाबरोबर दिलं, तर त्याचंही शोषण नीट झालं.

मावशीकडे पाहा आता. आम्ल गोळीने दाबलेलं, पोट रिकामं, आणि त्यात कार्बोनेट, तेही हजार मिलिग्रॅम एका दमात! आतड्याची कॅल्शियम घेण्याची ताकद मर्यादित असते. एका वेळी पाचशेपर्यंत दिलं तर त्यातला बरा वाटा आत जातो; त्यापुढे मात्रा वाढवत गेलं की आत जाणारा वाटा कमी कमी होतो. म्हणून डोस विभागायचा, सकाळच्या जेवणाला एक आणि रात्रीच्या जेवणाला एक.

पण खरं आश्चर्य पुढे आहे. खडे बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, मावशीच्या खड्याचा रिपोर्टही तेच सांगत होता. ऑक्झलेट येतं पालकातून, अळूतून, चहातून, शेंगदाण्यातून. ते आतड्यात असताना कॅल्शियमला भेटलं, तर दोघं तिथेच एकमेकांना बांधून घेतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. जेवणात कॅल्शियमच नसेल तर मोकळं ऑक्झलेट रक्तात जातं, तिथून मूत्रपिंडात, आणि खड्याची तयारी सुरू होते. दूध सोडून मावशीने ऑक्झलेटचा रस्ता मोकळा करून दिला होता!

१९९७ साली अमेरिकेत ९१ हजारांहून जास्त नर्सेसच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम सर्वांत जास्त, त्यांच्यात खडे कमी. ज्या गोळ्या घेत होत्या त्यांच्यात मात्र धोका सुमारे २० टक्क्यांनी जास्त! एकाच पदार्थाचे दोन परिणाम कसे? संशोधकांचा अंदाज असा, की बऱ्याच जणी गोळी जेवणाशिवाय घेत होत्या. मग ऑक्झलेट बांधायला आतड्यात कॅल्शियम वेळेवर हजर नसतं, आणि लघवीत मात्र त्याची भर पडते. इटलीत २००२ मध्ये बोर्गी यांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना दोन आहार दिले. दूध कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी असलेल्या ६० जणांपैकी फक्त १२ जणांना.

मावशीच्या डॉक्टरांना हे दाखवलं आणि ताटाचा हिशेब मांडला. रोज एक पेला दूध म्हणजे सुमारे अडीचशे मिलिग्रॅम, वाटीभर दही म्हणजे दोनशेच्या आसपास, पोळीभाजीतून आणखी दोनशे. रोजच्या गरजेपैकी उरतं साधारण पाचशे. मग दोन गोळ्यांची गरजच काय? त्यांनी सायट्रेट लिहून दिलं, पाचशेच, पण दोन जेवणांत अर्धं अर्धं. सायट्रेट लघवीत गेल्यावर खडा बनायला अडथळाही करतं, हे त्यांनीच सांगितलं. मावशीला थायरॉइडची गोळी चालू आहे, तिच्यापासून कॅल्शियम चार तास लांब ठेवायलाही बजावलं.

सगळ्यांचे खडे मात्र असे नसतात. युरिक अ‍ॅसिडच्या खड्याचं गणित वेगळं. काहींच्या लघवीत कॅल्शियमच फार उतरतं, ते २४ तासांची लघवी तपासल्यावर कळतं, आणि अशांनी गोळीची मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. मावशीचीही ती तपासणी आता व्हायची आहे; त्यासाठी दिवसभराची लघवी साठवायचा मोठा डबा लॅबमधून आणायचा आहे. पण पालकाच्या भाजीसोबत दह्याची वाटी घ्यायला तिने सुरुवात केली आहे, आणि "अगं, हे कुणी आधी का नाही सांगितलं?" असं ती शेजारच्या काकूंना फोनवर विचारते आहे.