लुकलुकीचा हिशेब

पूर्वी विजेच्या मीटरात एक चाक फिरायचं. त्याच्या कडेवर खूण असायची आणि ती समोरून सरकली की कुटुंबप्रमुखाच्या काळजात धस्स व्हायचं. आता चाक गेलं आणि त्याच्या जागी एक तांबडा दिवा आला. दिसायला तो गरीब, पण हिशेबाला सावकाराहून चोख. आमच्या मीटरच्या कपाळावर 'एका युनिटला ३२०० इंपल्स' असं बारीक इंग्रजीत छापलेलं आहे. म्हणजे त्या दिव्याने ३२०० वेळा डोळा मिचकावला की तुमचं एक युनिट संपलं. (तुमच्या मीटरवरचा आकडा निराळा असू शकतो, तो वाचल्याशिवाय पुढचं गणित मांडू नये.)

गणित तसं चौथीच्या पोराचं आहे. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं. येतील तेवढे वॉट त्या घटकेला घर ओढतंय. पंधरा सेकंद लागले तर ७५ वॉट, म्हणजे एखादा पंखा. गीझर लावला की दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा मिचकतो. तेव्हा त्याच्याकडे न बघणंच बरं.

पण घर दिवसा काय खातं यापेक्षा रात्री, सगळे झोपल्यावर, गुपचूप काय खातं हे मला हवं होतं. त्यासाठी जिन्याखाली रात्रभर घड्याळ धरून बसणं हे रखवालदाराच्या पोटावर पाय आणण्यासारखं. म्हणून मीटरच्या काचेवर बाहेरून एक फोटोट्रान्झिस्टर बसवला. सीलला अर्थातच हात लावायचा नाही. एलडीआर त्याहून सहज मिळतो, पण तो जरा सुस्त गडी, उजेड गेल्यावरही डोळे चोळत बसतो. शेजारी सेलवर चालणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवला. तो प्रत्येक लुकलुकीची वेळ मेमरी कार्डावर टिपून घेतो.

भोवती काळी चिकटपट्टी लावली, कारण जिन्यातला दिवा कोणी लावला की सेन्सरला तीही लुकलुकच वाटते. चिकटपट्टी पाहून तळमजल्यावरचे काका हळूच म्हणाले, "वीज चोरताय होय?" म्हटलं, "नाही हो काका, चोर शोधतोय."

आणखी एक खोड असते. एकच लुकलुक कधीकधी दोनदा मोजली जाते. म्हणून एक टिपली की पुढचा दशांश सेकंद डोळे मिटून राहायचं, असं यंत्राला सांगावं लागतं. मोजणी खरी की खोटी हे मीटरच सांगतो: त्याच्या आकड्यात दहा युनिटं वाढली, तर आपल्याकडे ३२,००० लुकलुकी जमल्या पाहिजेत. जास्त निघाल्या तर दुहेरी मोजणी किंवा परका उजेड, कमी निघाल्या तर सेन्सर सरकलेला.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. उन्हाळ्यात बिल वाढलं, घरात चर्चा झाली आणि आईने ती मनावर घेतली. तिने काही न बोलता खोलीतला रात्रीचा दिवा लावणं सोडलं. वय शहात्तर. रात्री दोनदा उठते, भिंत चाचपत जाते. विचारलं तर म्हणाली, "अरे, मला अंधारातही दिसतं."

कार्डावर रात्री दोनच्या सुमाराला दोन चाली दिसल्या: फ्रिज चालू असताना साडेसात सेकंदांना एक लुकलुक आणि तो थांबला की साडेबावीस सेकंदांना एक. म्हणजे फ्रिज स्वस्थ असतानाही घर ५० वॉट खातच होतं. महिन्याला ३६ युनिटं! कोण खातं ते दिवा सांगत नाही, तो फक्त सगळ्या घराची बेरीज सांगतो. म्हणून दुसऱ्या रात्री फ्रिज थांबल्याची वेळ साधून एकेक वस्तू बंद केली. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स काढला, अंतर तीस सेकंदांवर गेलं. राउटर काढला, साडेसदतीस. उरलेले ३० वॉट इन्व्हर्टरचे, आणि तो काही काढता येत नाही.

आईचा दिवा लावून पाहिला, पण फरक कळेना. दिवा अर्ध्या वॉटचा, त्याने अंतर सेकंदाच्या पाव भागाइतकंही हलत नाही. तेवढं तर एरवीही पुढेमागे होतं. मग कागदावर हिशेब केला. रोज आठ तास धरले तर महिन्याच्या ३८४ लुकलुकी. साडेबारा वॉटवाला बॉक्स एका दिवसात ९६० करतो.

आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "म्हणजे तुझा हा डबा एका दिवसात माझे अडीच महिने खातो?"

"हो."

"मग तो रात्री बंद करत जा," ती म्हणाली, "आणि मोरीपाशीही एक दिवा लाव."