ऊन, पाणी आणि धोटा

सोलापूरहून पुण्याला निघणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं कसं सुरू होतं, हे मला आता पाठ झालंय. आधी ऊन. मग ‘काय करता?’ मग नाव. आणि नाव कळलं की हमखास, ‘अरे वा, तुमचं मराठी फार छान आहे हो!’

समोरच्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या एका वाक्याने गप्पा संपतात. मी ‘थँक्यू’ म्हणतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. चार हुतात्म्यांपैकी एक कुर्बान हुसेन, त्यांच्या नावाच्या गाडीत बसून मी माझ्या मराठीची शाबासकी घेत असतो.

गेल्या उन्हाळ्यात एक काका भेटले. साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, पायाशी चादरींचा गठ्ठा. ऊन झालं, काम झालं, नाव झालं. मग तेच वाक्य. या वेळी मी थँक्यू म्हटलं नाही. म्हणालो, ‘घरी आम्ही दखनी बोलतो काका, मराठी गल्लीत आणि शाळेत शिकलो. तुमच्या घरी?’

काका हसले. ‘आमच्या घरी तेलुगू. मलाबी लोक हेच म्हणतात की!’

ते पद्मशाली. आजोबा तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आलेले. दोघांची अडचण एकच निघाली, तसा दरवाजा जरा उघडला. आणि मी लगेच घोटाळा केला. ‘माग किती? धंदा कसा चाललाय? मुलं यातच आहेत का?’ असे तीन प्रश्न ओळीने. उत्तरं आली ती ‘चार’, ‘मंदी आहे’, ‘नाही’. उत्तरं अशी आखूड होत गेली आणि समोरच्याचा हात मोबाइलकडे वळला की समजावं, आपण गप्पा मारत नसून जनगणना करतोय. शिवाय तिन्ही प्रश्न कामाचेच. मंदीवर कोण काय बोलणार? ते वाक्य त्यांनी त्या आठवड्यात दहा जणांना ऐकवलेलं असणार.

मी थांबलो. कुर्डुवाडी येईपर्यंत गप्प राहिलो. मग स्वतःचं थोडं सांगितलं. अब्बा शिंपी होते. सुट्टीत मला काज करायला बसवायचे. पहिलं काज इतकं वाकडं झालं की त्यांनी ते उसवून पुन्हा करायला लावलं, असं सात वेळा. एवढं सांगून विचारलं, ‘तुम्ही पहिल्यांदा मागावर बसलात तो दिवस आठवतो?’

काका काही बोलेनात. पूर्वी मी अशा वेळी घाईने दुसरा प्रश्न टाकायचो. या वेळी टाकला नाही. माणूस गप्प असतो तेव्हा बऱ्याचदा तो आठवत असतो.

‘बारा वर्षांचा होतो,’ ते म्हणाले. ‘धोटा इतक्या जोरात आला की भीतीनं हातच मागं घेतला. वडील हसले नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि तसाच तासभर माग चालवला.’

पुढे ते आपणहून बोलत राहिले. चादरीवरचा मोर कसा उतरतो ते सांगितलं. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते एकामागून एक फिरतात, भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक पत्ता उलटसुलट लागला की मोराची मान तुटते. मला इथे अब्बांच्या शर्टाची कॉलर आठवली, ती सांगायचा फार मोह झाला. पण मी ‘मान तुटली की मग?’ एवढंच विचारलं. आपली गोष्ट एकदा सांगून झाली होती. दुसरी सांगितली असती तर बोलणं माझ्याकडे वळलं असतं. ‘मग काय, तेवढं उसवायचं,’ ते म्हणाले. ‘तुमच्या काजासारखं.’

सगळ्यात लक्षात राहिलं ते खडखडाटाचं. मागांच्या आवाजात एकमेकांचं ऐकूच येत नाही, म्हणून कामगार ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलतात. धागा तुटला, चहा आला, मालक आला, प्रत्येकाला खूण. त्यांनी करून दाखवल्या. मग म्हणाले, ‘खुणेनं कामाचं तेवढं बोलता येतं. बाजूच्या मागावर वीस वर्षं काम केलेल्या माणसाला गाणं आवडायचं, हे मला तो गेल्यावर कळलं.’

मला यावर काही सुचलं नाही आणि मी काही बोललोही नाही.

दरवेळी असं जमत नाही. एखाद्याला खरोखर झोपायचं असतं, एखाद्याला बोलायचंच नसतं. दोनदा आखूड उत्तर आलं की मी आता पेपर उघडतो.

दौंडजवळ काकांनीच मला विचारलं, ‘वडील काजाला दोरा कुठला वापरायचे?’

मला माहीत नव्हतं. सात वेळा उसवलेलं आठवत होतं, दोरा नाही. पुण्यात उतरल्यावर अम्मीला फोन लावला. ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, ‘रेशमी. मेण लगाके. मेण मैं लगाती थी.’ आणि ते मेण कुठून यायचं, इथून तिने सुरुवात केली.