विमानातील कोरडी हवा आणि एक लिटरची पिशवी

अम्मीला घेऊन जानेवारीत लंडनला भावाकडे जायचे ठरले, तेव्हा आम्हा दोघी बहिणींपुढे तिकीट आणि व्हिसाच्या बरोबरीने एक वेगळीच काळजी होती, ती म्हणजे अम्मीच्या टाचा. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. चिपळूणच्या दमट हवेत त्या टाचा कशाबशा तग धरतात. मधुमेहात पायाच्या भेगेकडे कोणी सौंदर्याची बाब म्हणून पाहत नाही. भेग खोल गेली, तिच्यातून जंतू शिरले आणि पायाला संवेदना कमी असेल, तर दुखणे कळेपर्यंत जखम वाढलेली असते. मुंबई ते लंडन दहा तासांचा प्रवास, तोही अशा हवेत की जिथे धडधाकट माणसाचे ओठ फुटतात. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही तिच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो आणि सगळे नीट समजून घेतले. उन्हाळ्यात मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्या आणि उमऱ्याला निघणाऱ्या घरांना उपयोगी पडेल, म्हणून ते इथे मांडत आहोत.

आधी हवा कोरडी का असते ते पाहू. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून उडते. तिथे बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते आणि इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. केबिनमध्ये येणारी ताजी हवा ही तीच, दाबून आणि गरम करून आत घेतलेली. आत थोडाफार दमटपणा येतो तो प्रवाशांच्या श्वासातून आणि घामातून. त्यामुळे लांबच्या प्रवासात आर्द्रता बहुधा दहा ते वीस टक्क्यांवर येते. आपल्या कोकणात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर असते. म्हणजे घरी कधी कोल्ड क्रीम न लागणाऱ्या माणसालाही विमानात ते लागू शकते.

अशी कोरडी हवा त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातले पाणी ओढून घेते. तो थर आक्रसतो, चेहरा ओढल्यासारखा वाटतो, मग बारीक पांढरी साल सुटते आणि जिथे कातडी जाड आहे तिथे, म्हणजे टाचांना आणि बोटांच्या पेरांना, चिरा पडतात. “भरपूर पाणी प्या, त्वचा कोरडी पडणार नाही,” असे सगळेच सांगतात. डॉक्टरांनी आम्हाला यातला फरक समजावला. तहान भागवण्यासाठी पाणी प्यायलाच हवे, पण प्यायलेले पाणी त्वचेच्या वरच्या थराला वाचवत नाही, कारण नुकसान बाहेरून होत असते. बाहेरूनच झाकण घालावे लागते.

या झाकणाचे दोन भाग असतात. पहिला भाग पाणी धरून ठेवणाऱ्या क्रीमचा. त्यात बहुधा ग्लिसरीन असते, टाचांच्या क्रीममध्ये युरिया असतो. दुसरा भाग पाणी उडू न देणाऱ्या थराचा, आणि त्यासाठी साधी पेट्रोलियम जेली पुरते. क्रम महत्त्वाचा आहे: त्वचा थोडी ओली असतानाच आधी क्रीम आणि त्यावर जेलीचा पातळ हात. नुसते ग्लिसरीन लावून बसले तर कोरड्या हवेत त्याला बाहेरून ओलावा मिळत नाही. मग ते खालच्या त्वचेतलेच पाणी वर ओढते आणि ते उडून जाते. गुलाबपाण्याच्या फवाऱ्याचेही तसेच. घटकाभर गार वाटते, पण वर काही न लावल्यास पाणी सुकते आणि चेहरा पुन्हा ओढू लागतो.

आता सामान किती न्यायचे? आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत द्रवपदार्थ न्यायचा सर्वसाधारण नियम असा: प्रत्येक डबी किंवा ट्यूब जास्तीत जास्त 100 मिलिलिटरची आणि त्या सगळ्या एका पारदर्शक, बंद होणाऱ्या, एक लिटरच्या पिशवीत मावायला हव्यात. एका माणसाला एक पिशवी. लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट 2006 च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आला, तेव्हापासून हे बंधन आले. यात क्रीम, जेली, टूथपेस्ट, अत्तर सगळे द्रवच मानले जाते. आत किती उरले आहे हे पाहत नाहीत, डबीवर किती लिहिले आहे ते पाहतात. आमच्या पुढे रांगेत एक चाचा होते. त्यांच्या 200 मिलिलिटरच्या लोशनच्या बाटलीत तळाशी दोन बोटे लोशन होते, तरी ती बाटली तिथेच ठेवावी लागली. ब्रिटनमधल्या काही विमानतळांवर नवी तपासणी यंत्रे आल्यावर हा नियम सैल झाला आहे, पण आपण जिथून चढतो आणि जिथे विमान बदलतो तिथला नियम आपल्याला लागू पडतो. वाटेत दुबई किंवा दोहा असेल तर तिथे पुन्हा तपासणी होते. म्हणून 100 मिलिलिटरचेच धरून चालावे.

शंभर मिलिलिटर ऐकल्यावर आम्हाला ते फारच थोडे वाटले होते. मग डॉक्टरांनी मोजण्याची एक सोपी रीत सांगितली. ट्यूबमधून क्रीम पिळून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढायची. मोठ्या माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. चेहरा आणि मान यांना अडीच रेघा, दोन्ही हातांच्या पंजांना दोन, दोन्ही पावलांना चार. आम्ही हिशेब मांडला. विमानात चढण्याआधी सगळीकडे एकदा लावायचे, म्हणजे साडेआठ रेघा, सव्वाचार ग्रॅम. वाटेत दोनदा फक्त चेहरा आणि हात, ते मिळून साडेचार ग्रॅम. हात धुतल्यावर फक्त पंजांना, असे चार वेळा, ते चार ग्रॅम. म्हणजे माणशी तेरा ग्रॅमच्या आत-बाहेर. तिघींचे मिळून चाळीस ग्रॅमही होत नाहीत. पन्नास ग्रॅमची एक ट्यूब तिघींना पुरून उरली असती.

म्हणून आमच्या पिशवीत फक्त एवढेच होते: ग्लिसरीन असलेल्या बिनवासाच्या क्रीमची पन्नास ग्रॅमची ट्यूब, पेट्रोलियम जेलीची छोटी डबी आणि अम्मीच्या टाचांसाठी दहा टक्के युरियाच्या क्रीमची छोटी ट्यूब. मोठ्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत गेल्या. औषधे चिठ्ठीसह वेगळी ठेवली. आणखी एक गोष्ट: वर गेल्यावर केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी होतो, त्यामुळे ट्यूबमधली हवा फुगते आणि झाकण उघडताच क्रीम बाहेर उसळते. आम्ही निघतानाच ट्यूब हलकेच दाबून हवा काढून टाकली आणि मग झाकण लावले.

क्रीम निवडताना वासाकडे मुद्दाम पाहिले. कोरड्या, चिरलेल्या त्वचेला सुगंधी द्रव्ये झोंबतात आणि काहींना त्यांची खाज सुटते. डबीवर पुढे ‘अनसेंटेड’ लिहिले म्हणजे काम झाले असे नाही, कारण मूळ वास झाकण्यासाठीही कधी सुगंध घातलेला असतो. मागच्या यादीत ‘परफम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द नाही ना, ते वाचावे. अत्तर लावायचेच तर कपड्याला लावावे.

आमचे विमान दुपारचे होते. तपासणी झाल्यावर स्वच्छतागृहात तिघींनी साबण न लावता चेहरा धुतला, टॉवेलने टिपला आणि ओल असतानाच क्रीम लावले. अम्मीच्या टाचांना युरियाचे क्रीम, त्यावर जेली, आणि वर सैल सुती मोजे. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र काहीच लावले नाही. मधुमेह असलेल्यांनी तिथे ओल साचू देऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. चेहऱ्याला युरिया लावला नाही, कारण चिरलेल्या जागी तो आग करतो.

खरी परीक्षा वुजूची होती. पश्चिमेकडे जाताना दुपार लांबत जाते आणि जुहर, असर, मगरिब तिन्ही वाटेतच आल्या. प्रत्येक वेळी पाणी लागले की त्वचेवरचे थोडे तेल जाते, आणि ती तशीच सुकली तर आधीपेक्षा जास्त कोरडी होते. विमानातला द्रव साबण तर आणखी तेल काढतो. त्यामुळे वुजूला आम्ही साबण टाळला, हात-तोंड टिपले आणि जागेवर येताच क्रीम लावले. जेलीचा जाड थर असेल तर पाणी वरून घसरते आणि ते त्वचेला पोहोचले की नाही अशी शंका राहते. म्हणून वुजूआधी तो टिशूने पुसायचा आणि जेली नेहमी वुजूनंतरच लावायची, असे आम्ही ठरवून टाकले. ओठांना, नाकपुड्यांच्या कडांना आणि पेरांना जेलीचा हलका हात पुरला.

मध्येच अम्मी म्हणाली, “क्रीम लावलं की हाताला चरचरतंय गं.” हा संकेत ओळखायला शिका. साध्या क्रीमने चरचरले तर त्वचेला बारीक चिरा पडायला लागल्या आहेत असे समजावे आणि तिथे क्रीमऐवजी नुसती जेली लावावी. उतरेपर्यंत तिचे चरचरणे थांबले. घरी पोहोचल्यावर मोजे काढून उजेडात टाचा पाहिल्या. नवी भेग नव्हती. लंडनच्या थंडीत हीटरची हवाही कोरडीच असते, म्हणून पहिला आठवडा रोज रात्री हेच केले आणि रोज टाचा तपासल्या. दोन दिवसांत न जाणारी लाली, पाणी येणे किंवा भेगेतून रक्त दिसले, तर मधुमेह असलेल्यांनी घरी उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी एक सांगायचे राहिले. मुंबई ते जेद्दा हा प्रवास साडेपाच तासांच्या आसपास असतो आणि मीकात वाटेतच येत असल्याने बरेचजण निघतानाच इहराम बांधतात. इहरामची नियत झाल्यावर सुगंधी क्रीम, सुगंधी साबण, अगदी विमानात मिळणारे सुगंधी ओले रुमालसुद्धा चालत नाहीत. वर सांगितलेल्या तीन वस्तू मागची यादी वाचून बिनवासाच्या घेतल्या असतील, तर तीच पिशवी जशीच्या तशी तिथेही नेता येते. तवाफ-सईत अनवाणी किंवा उघड्या चपलेत चालून टाचा आणखी फुटतात, तेव्हा युरियाची ती छोटी ट्यूब मात्र चेक-इनमध्ये टाकू नका, हाताशीच ठेवा.