मे महिन्यात मोटर पाणी का सोडते?

बडनेऱ्याच्या आसपासच्या शेतांत मोटरचा रोग दर उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी येतो. होळी झाली की विहिरीचं पाणी खाली जातं, मोनोब्लॉक कडकड वाजू लागतो, धार बारीक होते आणि शेतकरी मोटर उचलून गावात दुरुस्तीला नेतो. बेअरिंग बदलतं, कधी इंपेलर बदलतो, आणि आठ दिवसांत आवाज परत. गेली अनेक वर्षं मी पंप आणि पाईपलाइनची आखणी करतो. माझा अनुभव असा, की अशा बहुतेक मोटरी निर्दोष असतात आणि दोष विहिरीत उतरलेल्या नऊ-दहा मीटर पाईपमध्ये असतो. नेमकं सांगायचं तर त्या पाईपच्या टोकाला असलेल्या फुटबॉलमध्ये आणि वरच्या दोन एल्बोंमध्ये.

अंजनगाव बारी रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेचा हिशोब मांडतो. पाच अश्वशक्तीचा मोनोब्लॉक विहिरीतल्या ओट्यावर बसवलेला. पाईप ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी, आतला व्यास साधारण ७० मिलिमीटर. पाणी सेकंदाला ६ लिटर. एवढं पाणी या पाईपमधून जाताना दर १०० मीटरला सुमारे ३.४ मीटर हेड घर्षणात जातं. हा आकडा पाईप कंपनीच्या तक्त्यात मिळतो. मालक म्हणाले, “साहेब, बागेतली लाइन तीनशे मीटर आहे, तिथंच जोर जात असंन ना जी?” डिलिव्हरीच्या त्या लाइनीत दहा एल्बो होते. त्या एल्बोंवर मालकांचा संशय होता.

एल्बोतून पाणी वळताना आतल्या भिंतीपासून सुटतं, तिथे भोवरे तयार होतात आणि ते पुढच्या सरळ पाईपमध्येही बऱ्याच अंतरापर्यंत घोळत राहतात. या भोवऱ्यांत जाणारं हेड मोजायची सोपी रीत म्हणजे त्या एल्बोच्या जागी किती मीटर सरळ पाईप धरला असता तेवढाच तोटा झाला असता, ते पाहणं. हीच समतुल्य लांबी. ती व्यासाच्या पटीत सांगतात: साधा ९० अंशांचा एल्बो म्हणजे व्यासाच्या ३० पट, लांब वळणाचा बेंड २० पट, पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह फक्त ८ पट. आपल्या पाईपचा एक एल्बो म्हणजे २.१ मीटर. दहा एल्बो म्हणजे २१ मीटर, आणि त्यांचा तोटा ०.७ मीटर. पंपाला एकूण तीसेक मीटर हेड द्यायचंय, तिथे पाऊण मीटरने काही बिघडत नाही. लांब लाइनीत फिटिंगचा हिशोब मीही ढोबळच करतो. अप्पर वर्धा धरणातून अमरावती-बडनेऱ्याला येणाऱ्या कित्येक किलोमीटरच्या जलवाहिनीत तर बेंडचा वाटा सरळ पाईपच्या घर्षणापुढे फारच किरकोळ.

सक्शनची गोष्ट वेगळी आहे. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलते ती हवा. बडनेऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९.९ मीटर पाण्याइतका. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या वाफेचा दाब त्यातून अर्धा मीटर खातो. उरले ९.४. इंपेलरच्या तोंडाशी या पंपाला कमीत कमी २.५ मीटर शिल्लक हवी असते; हा आकडा प्रत्येक पंपाच्या आलेखात वेगळा असतो आणि दुकानात तो कोणी विचारत नाही. म्हणजे पाण्याची उचल आणि सक्शनमधला सगळा तोटा मिळून ६.९ मीटरच्या आत बसला पाहिजे.

मे महिन्यात उचल होती ६ मीटर, म्हणजे तोट्यासाठी ०.९ मीटर जागा. सरळ पाईप ९ मीटर होता, त्याचा तोटा ०.३, इथवर ठीक. दोन एल्बोंची समतुल्य लांबी ४.२ मीटर. आणि फुटबॉल? झडप सरळ वर उचलली जाणाऱ्या जातीचा होता, त्याची समतुल्य लांबी व्यासाच्या तब्बल ४२० पट, म्हणजे २९.४ मीटर! त्यात पाणी आधी जाळीतून शिरतं, मग झडपेवर आदळून तिच्या कडेने वळसा घेऊन वर चढतं. बेरीज ४२.६ मीटर, तोटा जवळपास दीड मीटर. जागा ०.९ ची, गरज दीडची. उरलेला दाब पुरत नाही, इंपेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होते, पुढे दाब वाढताच ते बुडबुडे फुटतात आणि पात्यांवर खड्डे पडतात. खडे फिरल्यासारखा आवाज येतो तो याचा.

इथे एक खात्री करून घ्यावी. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला आणि आवाज थांबला, तर दोष सक्शनच्या तोट्याचा असण्याची शक्यता मोठी, कारण पाणी कमी झालं की तोटाही कमी होतो आणि पंपाची गरजही. धारेत हवेचे फुगे येत असतील किंवा रात्रीतून प्रायमिंग उतरत असेल, तर आधी सांधे आणि फुटबॉलची गळती तपासावी.

त्या बागेत आम्ही मोटरला हात लावला नाही. सक्शन ९० मिलिमीटरचं केलं, आतला व्यास सुमारे ८४. फुटबॉल बिजागरीच्या झडपेचा घेतला, त्याची समतुल्य लांबी व्यासाच्या ७५ पट. एल्बोंऐवजी दोन लांब बेंड. आता फुटबॉलचे ६.३, बेंडचे ३.४ आणि सरळ ९ मिळून १८.७ मीटर, मोठ्या पाईपमध्ये १०० मीटरला तोटा १.४ च, म्हणून एकूण जेमतेम पाव मीटर. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर सपाट बाजू वर ठेवून बसवला, नाहीतर वर हवा साचते.

हिशोबात एक फसवी जागा आहे. समतुल्य लांबीचे मीटर छापलेले बरेच तक्ते लोखंडी पाईपसाठी असतात. एल्बोचा तोटा त्याच्या आकारामुळे होतो, भिंतीच्या खरबरीतपणाशी त्याचा संबंध कमी. लोखंडी तक्त्यातले मीटर घेऊन पीव्हीसीच्या गुळगुळीत पाईपच्या दराने गुणले, तर उत्तर खऱ्याच्या निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून तक्ता कोणत्या पाईपचा आहे ते आधी पाहावं. जवळजवळ बसवलेल्या दोन एल्बोंची नुसती बेरीजही बरोबर येत नाही, कारण पहिल्याचे भोवरे विरायच्या आत दुसरा लागतो. आणि शेवाळाने भरलेल्या जाळीला तर कुठलाच तक्ता लागू नाही.

तिथे व्हॅक्यूम गेज कामी येतो. पंपाच्या तोंडाजवळ तो लावावा. एक मीटर पाणी म्हणजे सुमारे ७३.५ मिलिमीटर पारा. जुनं सक्शन असताना कार्तिकात त्याच विहिरीत उचल ३.५ मीटर होती आणि गेज ३७५ दाखवत होता, म्हणजे ५.१ मीटर. त्यातून उचल वजा केली, पाण्याच्या वेगाचे दहा-बारा सेंटिमीटर वजा केले, तर दीड मीटर तोटा समोर येतो. उचल ६ वर गेली की काय होणार, हे तिथेच कळतं.

कार्तिकात विहिरी भरलेल्या असतात आणि मोटरी चांगल्या चालतात. मोजायची खरी वेळ तीच: गेज लावा, विहिरीतली सर्वांत खालची उन्हाळी पातळी आठवा, आणि नवा फुटबॉल घेताना झडप बिजागरीची आहे का, एवढं उघडून बघा.